धाब्याच्या घरांचं कॅप्शन

जळगावातल्या एका छोट्या कलादालनासाठी मी अधूनमधून इन्स्टाग्राम पोस्टचा मजकूर लिहून देते. जानेवारीतल्या प्रदर्शनासाठी तिथल्या अप्पांनी चार ओळी आधीच तयार ठेवल्या होत्या. ‘भव्य चित्रप्रदर्शन. कलारसिकांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे.’ चित्रं कशाची आहेत, याचा त्यात पत्ताच नव्हता. म्हणून आधी चित्रं बघायला गेले.

चित्रकार निवृत्त चित्रकला शिक्षक. चोपडा, यावल, अमळनेरकडच्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरांची रेखाटनं त्यांनी वर्षानुवर्षं केली होती. मी सरांना सहज विचारलं, हा भुरा रंग कोणता? ते म्हणाले, “ताई, रंग कसला, त्याच घराची माती आहे.” घर पाडलं जात असताना भिंतीची मूठभर माती आणायची, वस्त्रगाळ करायची, डिंकाच्या पाण्यात घोटायची आणि त्याच घराच्या चित्रात भरायची. जवळून पाहिलं की कागदावर मातीचे कण दिसतात. फोनवर फोटो काढून पाहिला, तर नुसता तपकिरी पट्टा. यायचं कारण तिथेच मिळालं. जे फोनमध्ये दिसतं, त्यासाठी कोणी भाडं खर्चून भुसावळहून का येईल? आमच्याकडे सरळच विचारतात, “तठे जाईसन काय देखनं?”

हेच पहिल्या ओळीत हवं होतं. इन्स्टाग्रामवर दोन-एक ओळींनंतर मजकूर दुमडला जातो आणि पुढे more येतं. ते दाबणारे थोडे. ‘कळविण्यास अत्यंत आनंद होतो की’ यातच त्या दोन ओळी संपतात.

तारखांवर आमचा बराच वेळ गेला. अप्पांनी ‘१० ते १८’ एवढंच लिहिलं होतं. १८ तारखेला चित्रं पाहता येतील, की त्या दिवशी उतरवणार? उतरवणं रात्री आठनंतर होतं, म्हणजे तो दिवस धरायचा. मग वार घातले, कारण माणसं सुट्टी वारावरून ठरवतात. सोमवारी दालन बंद असतं; ते लिहिलं नाही तर बाहेरगावचा माणूस नेमका सोमवारी दाराशी उभा राहतो. शेवटचा प्रवेश साडेसातचा, तोही वेळेला जोडूनच लिहिला.

प्रवेशाच्या अटींत खरी गोम उद्घाटनाची. आपल्याकडे उद्घाटन म्हटलं की पाहुणे, भाषणं, सत्कार. निमंत्रण नसलेला माणूस त्या दिवशी फिरकत नाही. ‘प्रवेश विनामूल्य’ एवढ्याने त्याचा संकोच जात नाही. निमंत्रण लागत नाही हे वेगळं सांगावं लागतं. आणि उद्घाटन फुकट पण एरवी तिकीट असेल, तर दोन्ही एका वाक्यात घालायचे नाहीत, नाहीतर दारावर वाद होतो. अप्पा ‘नाममात्र शुल्क’ म्हणत होते. मी आकडा घालायला लावला. नाममात्र कोणाच्या खिशाला, हे आपण कोण ठरवणार?

शेवटी ठरलेला मजकूर असा (पत्ता इथे गाळलाय):

“ज्या घराचं चित्र, त्याच घराच्या भिंतीची माती रंग म्हणून. जवळ उभं राहिलं तरच तिचे कण दिसतात.

खान्देशातल्या धाब्याच्या घरांची रेखाटनं. प्रत्येक चित्राखाली गावाचं नाव आहे. तुमच्या गावची गल्ली सापडते का बघा.

शनिवार १० ते रविवार १८ जानेवारी २०२६, दोन्ही दिवस धरून. सकाळी ११ ते रात्री ८, शेवटचा प्रवेश ७.३०. सोमवारी बंद.

उद्घाटन शनिवारी संध्याकाळी ५ वाजता. सगळ्यांना खुलं, निमंत्रण लागत नाही, त्या संध्याकाळी तिकीट नाही.

एरवी तिकीट ३० रुपये. ओळखपत्र दाखवल्यास विद्यार्थ्यांना मोफत. फ्लॅशशिवाय फोटो चालतील. दालन पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही.”

शेवटचं वाक्य अप्पांना खटकलं. “लोक येणार नाहीत ना!” पण ही घरं ज्यांनी वापरलीत ते आता सत्तरीच्या पुढचे, आणि गुडघे धरून जिन्याशी थांबणारेही तेच. आधी कळलं तर सोबत कोणाला तरी घेऊन येतील. ते वाक्य राहिलं.

पोस्टमध्ये चित्र म्हणून जाणाऱ्या फलकावर मात्र विषय, तारखा आणि पत्ता एवढंच घेतलं. इन्स्टाग्रामवरचं कॅप्शन नंतर दुरुस्त करता येतं, चित्र बदलता येत नाही; आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फलक एकटाच फिरतो, मजकूर मागेच राहतो. वेळ किंवा तिकीट ऐनवेळी बदललं, तर जुना आकडा गावोगाव फिरत राहतो. शेवटच्या शनिवार-रविवारसाठी म्हणूनच जुनी पोस्ट पुन्हा ढकलायची नाही असं ठरवलं. ‘आज आणि उद्या’ असंही टाळलं, कारण पुढे गेलेल्या मेसेजात आज कधीचा हे कळत नाही. नवा फलक केला, त्यावर मोठ्या अक्षरांत: १७ आणि १८ जानेवारी, शेवटचे दोन दिवस.