मुलुंडहून दादरला, मोतीबिंदूच्या संमतीपत्रासाठी

मामांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दादर पूर्वेच्या एका नेत्र रुग्णालयात झालं. सोबत मी होतो. ऑपरेशनपेक्षा जास्त लिहिण्यासारखं आहे ते त्याआधी सही करायच्या कागदाबद्दल, कारण आपल्याकडे तो कागद बहुतेक जण न वाचताच पुढे सरकवतात.

तपासणीच्या दिवशी साडेअकराच्या सुमारास मुलुंडहून स्लो लोकल पकडली. या वेळेला बसायला मिळतं. येताना मात्र टॅक्सीच करा. तपासणीत बाहुली मोठी करणारे थेंब घालतात आणि पुढचे काही तास उजेड डोळ्यांत घुसतो. गॉगल न्या. संध्याकाळच्या गर्दीत दादरचा जिना उतरणं अशा डोळ्यांनी नकोच.

याच थेंबांमुळे पहिली गोष्ट सांगतो: संमतीपत्र थेंब घालायच्या आधी मागून घ्या. बाहुली मोठी झाली की जवळचं वाचता येत नाही, चष्मा लावूनही अक्षरं पसरट दिसतात. बऱ्याच ठिकाणी कागद ऑपरेशनच्या सकाळी, थेंब घातल्यावर पुढे येतो आणि मग "इथे सही करा" एवढंच उरतं. आम्ही नोंदणीच्या खिडकीवरच विचारलं, तर मराठीतला फॉर्म लगेच मिळाला. मामांनी तो बाकावर बसून सावकाश वाचला आणि शंका असलेल्या ओळींखाली पेनाने रेघा मारल्या.

डॉक्टरांसमोर बसल्यावर मामांची पहिली रेघ होती ती "आवश्यकता भासल्यास अतिरिक्त शस्त्रक्रिया" या शब्दांखाली. "म्हणजे माझ्या डोळ्यात आणखी काय करणार?" असं त्यांनी सरळच विचारलं.

डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढलं. "काका, तुमचं गढूळ झालेलं भिंग एका पातळ पिशवीत असतं. द्राक्षाची साल जागेवर ठेवून आतला गर तेवढा काढायचा, तसं हे काम. समोरून तीन मिलिमीटरपेक्षा लहान छेद घ्यायचा, आतला भाग अल्ट्रासाऊंडने फोडून ओढून घ्यायचा आणि त्याच पिशवीत घडी केलेली नवीन लेन्स सोडायची. पिशवीचा मागचा पडदा केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही पातळ असतो. अनुभवी हातातही साधारण शंभरात एका रुग्णाचा हा पडदा फाटतो."

फाटला तर? मागचा जेलीसारखा द्रव पुढे येतो. तो त्याच वेळी साफ करावा लागतो, हीच ती अतिरिक्त शस्त्रक्रिया. लेन्स मग पिशवीत न बसवता पिशवीच्या पुढे बसवतात किंवा काही दिवसांनी बसवतात. क्वचित मोतीबिंदूचा तुकडा डोळ्याच्या अगदी मागच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर पडतो. तो काढायला रेटिनाचे डॉक्टर लागतात आणि दुसरं ऑपरेशन होतं. यातूनही बहुतेकांची नजर चांगली येते, पण वेळ लागतो आणि खर्च वाढतो. म्हणून इथे दोन प्रश्न विचाराच: रेटिनाचे डॉक्टर याच रुग्णालयात आहेत की दुसरीकडे पाठवणार? आणि तो खर्च सांगितलेल्या पॅकेजमध्ये आहे का? आम्हाला पहिल्याचं उत्तर "आठवड्यातले ठरावीक दिवस" असं मिळालं. मामांनी ऑपरेशन त्यातल्याच एका दिवशी घेतलं.

ही ओळ छापलेली असते याला कारण आहे. सुप्रीम कोर्टाने 2008 साली समीरा कोहली खटल्यात सांगितलं की एका प्रक्रियेसाठी दिलेली संमती दुसऱ्या मोठ्या शस्त्रक्रियेला चालत नाही. जिवाला किंवा प्रकृतीला धोका असेल आणि थांबणं शक्यच नसेल, तेवढाच अपवाद. त्या प्रकरणात रुग्ण बेशुद्ध असताना तिच्या आईची सही घेतली होती, तीही कोर्टाने ग्राह्य धरली नाही. तेव्हा रुग्ण शुद्धीवर आणि समजदार असेल तर सही त्यानेच करायची. माझी सही साक्षीदाराच्या रकान्यात होती, तिला तेवढीच किंमत.

याच बोलण्यात एक गोष्ट निघाली जी मामा सांगणारच नव्हते. ते रात्री लघवीच्या त्रासावर टॅमसुलोसिनची गोळी घेतात. "डोळ्याचा आणि त्याचा काय संबंध?" असं त्यांचं म्हणणं. संबंध मोठा आहे. या गोळीने बाहुली नीट मोठी होत नाही आणि बुबुळाचा भाग ऑपरेशनमध्ये सैल पडून हलतो, त्यामुळे तीच मागची पिशवी फाटण्याची शक्यता वाढते. आधी कळलं तर डॉक्टर बाहुली उघडी ठेवणारी बारीक रिंग किंवा हुक तयार ठेवतात. गोळी आधी काही दिवस बंद केली म्हणून धोका जातोच असं नाही, म्हणून मनाने बंद करू नका. पूर्वी कधी घेतली असेल तरी सांगा. प्रोस्टेटच्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकूनच न्या.

लेन्सबद्दल मामांची समजूत होती की महाग लेन्स घेतली की चष्मा गेला. फॉर्मवर त्यांच्या लेन्सपुढे "मोनोफोकल" लिहिलं होतं. म्हणजे लांबचं स्वच्छ, पेपर वाचायला चष्मा हवाच. मोजमाप कितीही नीट केलं तरी लांबचा थोडा नंबर राहू शकतो. मधुमेहामुळे मामांच्या रेटिनावर काही डाग आहेत, त्याबद्दल बाईंनी फॉर्मवर हाताने लिहिलं: लेन्स स्वच्छ असली तरी नजर रेटिनावर अवलंबून. हाताने लिहिलेली अशी एखादी ओळ फॉर्मवर असली तर कागद तुमच्यासाठी भरलाय असं समजा. नुसता छापील असेल तर विचारा.

बाकीचं पटकन: कुठला डोळा ते नुसत्या खुणेने नव्हे, "उजवा" असं अक्षरात लिहिलंय का बघा. ऑपरेशन कोण करणार, शिकाऊ डॉक्टर असतील का, हे विचारायला लाजू नका. भूल बहुधा थेंबांचीच असते. पण पंधरा-वीस मिनिटं उताणं स्थिर पडता येत नसेल, खोकला असेल, तर आधीच सांगा.

जंतुसंसर्गाची ओळ घाबरवते, पण ती घरी फ्रिजवर चिकटवण्याच्या लायकीची आहे. हे प्रमाण हजारात एक किंवा त्याहून कमी असतं. बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यात कळतं: दुखणं कमी होण्याऐवजी वाढतं, डोळा लाल होतो, आणि आदल्या दिवशी दिसत होतं तेवढं आज दिसत नाही. यातलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी जायचं, रात्र असली तरी. डिस्चार्जच्या कागदावर रात्रीचा फोन नंबर आहे का ते तिथेच तपासा. आमच्या कागदावर फक्त ओपीडीचा होता, तो दहा ते पाचच्या पुढे वाजत राहतो. मागितल्यावर दुसरा लिहून मिळाला.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही सकाळी सहालाच टॅक्सीने ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेने निघालो. परतताना डोळ्यावर पट्टी असते, त्यामुळे लोकलचा विचारही करू नका. निघण्याआधी संमतीपत्राची झेरॉक्स आणि लेन्सच्या डब्यावरचं स्टिकर मागून घ्या. स्टिकरवर लेन्सचं नाव आणि पॉवर असते. पुढे दुसऱ्या डोळ्याच्या वेळी किंवा दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर तेच आधी मागतात.