अक्षरं गेली, चुण्या राहिल्या

"टी-शर्टवरची अक्षरं आम्ही फोटोतून पुसली की तिथं ठिगळ लावल्यासारखं दिसतं. तुमचं का दिसत नाही?"

हे काम माझ्याकडं बहुतेक वेळा दुःखाच्या घरातून येतं. हार घालायला चांगला फोटो शोधावा, तर तो नेमका फुकट मिळालेल्या टी-शर्टात असतो. असाच एक मुलगा वडिलांचा फोटो घेऊन आला. निळा टी-शर्ट, छातीभर पांढऱ्या अक्षरांत खताची जाहिरात, आणि वर खिशाच्या जागी भजनी मंडळाचं बारीक नाव. "जाहिरात काढा दादा, मंडळाचं नाव मात्र वाचता आलं पाहिजे."

ठिगळ दिसतं, कारण आपण शेजारचं कापड उचलून अक्षरांवर चिकटवतो, आणि त्याच्याबरोबर चुण्याही शेजारच्याच येतात. खरी चुणी अक्षरातच असते. पांढरं अक्षर चुणीत शिरलं की करडं होतं. ती सावली वाचवायची म्हणून मी अक्षर पुसत नाही, रंगवतो. फोटोशॉपमध्ये Color Range ने पांढरी अक्षरं निवडायची, त्या निवडीवर Curves चा लेअर घ्यायचा आणि लाल, हिरव्या, निळ्या चॅनलच्या रेषेचं वरचं उजवं टोक एकेक करून खाली ओढायचं, रंग शेजारच्या कापडाशी जुळेपर्यंत. या फोटोत लाल 255 वरून 40 पर्यंत उतरला, निळा 140 ला थांबला. पांढऱ्याचा निळा झाला, करड्याचा गडद निळा, आणि चुणी जागेवर राहिली. अक्षरांच्या कडेनं केसाएवढी फिकट रेघ उरते, तेवढ्यापुरता क्लोन स्टॅम्प. छपाई कापडापेक्षा गुळगुळीत असते, म्हणून शेवटी तिथं किंचित नॉइज टाकतो.

मग सगळ्यांच्या वर आणखी एक Curves घेऊन कॉन्ट्रास्ट वेड्यासारखा वाढवायचा. अक्षरं भुतासारखी वर आली, तर काम अजून बाकी आहे. नाही आली, तर तो लेअर काढून टाकायचा.

कडक उन्हातल्या फोटोत ही युक्ती चालत नाही. पांढरं सगळीकडं 255 ला जाऊन बसलं असेल, तर सावली उरलेलीच नसते. चुणी हातानं रंगवावी लागते. पांढऱ्या टी-शर्टवरची काळी अक्षरं त्याहून वाईट. काळं उजळायला गेलं की नुसते दाणे वर येतात.

राहिलं मंडळाचं नाव. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत त्याचा चिखल झाला होता, आणि चिखल शार्प केला तर फक्त टोकदार चिखल मिळतो. मुलाला मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितली; तिच्यात अक्षरं सुटी दिसली. चेहऱ्यावरचे दाणे कमी करताना नाव मास्क करून बाजूला ठेवलं, नाहीतर बारीक अक्षरंही दाण्यांबरोबर विरघळतात.

प्रिंट देताना मी म्हटलं, हे नाव हाराखाली जाईल बघ. तो म्हणाला, "हार आखूड घेऊ."