मे महिन्यातलं काळं जॅकेट

मी नाशिकला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, सोशल अँक्झायटीच्या केसेस तशा नेहमीच्याच, पण एका केसमधला एक दिवस असा गेला की तो लिहायचाच होता. मुलाची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मुलगा सत्तावीसचा, एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला. पहिल्यांदा आला तो आई आणि मोठ्या भावाबरोबर, आणि भर मे महिन्यात अंगात काळं जॅकेट. आई म्हणाली, "दोघंही मुखदुर्बळच हो मॅडम, वडिलांवर गेलेत, पण मोठ्याचं निभतंय, ह्याचं काहीतरी बघा." काय झालं होतं तर कंपनीत वरची पोस्ट चालून आली होती, त्यात रोज सकाळच्या मीटिंगमध्ये उभं राहून रिजेक्शनचे आकडे सांगावे लागतात, म्हणून ह्याने ती नको म्हणून सांगितली आणि घरी येऊन थाप मारली की पगारच फारसा वाढत नव्हता.

आता मोठा भाऊ खरंच कमी बोलतो. लग्नाला गेला की जेवून लगेच घरी, कारण गर्दीत त्याला दमायला होतं. पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये टँकरच्या बिलावरून भांडायचं असेल तर उभा राहून भांडतो आणि घरी येऊन शांत झोपतो. तो इंट्रोव्हर्ट आहे, एकटं असणं त्याला आवडतं, त्याला माझी काहीच गरज नाही. ह्यांची एक चुलत बहीण आहे ती लाजरी, पाहुणे आले की आधी आतल्या खोलीत, पण अर्ध्या तासाने तीच सगळ्यात जास्त खिदळत असते. लाजणं ओळख वाढली की बहुतेक वेळा सुटतं.

धाकट्याचं तसं नाही. ह्याला माणसं हवी असतात, मित्रांची ट्रिप ठरली की जावंसं वाटतं, शाळेत लेझीम पथकात पुढे असायचा. भीती ही की आपल्याला घाम येईल, तो लोकांना दिसेल आणि हा काहीतरी गडबड माणूस आहे असं त्यांना वाटेल. सोमवारी मीटिंग असली की गुरुवारपासून पोटात गोळा, आणि मीटिंग झाली की रात्री दोन वाजेपर्यंत आपण काय बोललो, कोण का हसलं ह्याचं पोस्टमॉर्टेम. दहावीपासून हे चालू होतं. निदानासाठी साधारण सहा महिने तरी त्रास टिकलेला असावा आणि त्यापायी काम, शिक्षण, नाती अडलेली असावीत असं धरतात, इथे तर प्रमोशनच गेलं होतं.

लिबोविट्झ स्केल म्हणून एक प्रश्नावली आहे, त्यात चोवीस प्रसंग दिलेले असतात, प्रत्येकात भीती किती आणि टाळणं किती ह्याला वेगवेगळे ० ते ३ मार्क. ह्याचे भीतीचे मार्क भरपूर आणि टाळण्याचे त्यामानाने कमी. आईलाही तेच कोडं होतं, "सगळीकडे जातो की हा, मग घाबरतो कुठे?" जातो खरा, पण चिलखत घालून जातो. घाम दिसू नये म्हणून काळं जॅकेट, दंड अंगाला घट्ट चिकटवलेले, खुर्ची कायम पंख्याखालची, हातात रुमाल, समोरच्याकडे बघायचं नाही, उत्तर एका शब्दात, आणि पुढचं वाक्य मनात दोनदा घोकून मगच तोंडातून बाहेर. ह्यांना आम्ही सेफ्टी बिहेवियर्स म्हणतो. तेही टाळणंच, फक्त बाहेरून दिसत नाही. आणि गोची अशी की मीटिंग नीट पार पडली तरी क्रेडिट जॅकेटला जातं, "जॅकेट होतं म्हणून वाचलो", त्यामुळे जॅकेटशिवाय काय झालं असतं ते कधी कळतच नाही.

तर तो दिवस. क्लार्क आणि वेल्स ह्यांनी १९९५ मध्ये सोशल अँक्झायटी टिकून का राहते ह्याचं एक मॉडेल मांडलं, त्यावर आधारलेला एक प्रयोग आम्ही करतो. एका अनोळखी माणसाशी पाच-पाच मिनिटं दोनदा बोलायचं, दोन्हींचं व्हिडिओ शूटिंग. पहिल्यांदा सगळं चिलखत चढवून आणि लक्ष स्वतःवर ठेवून, दुसऱ्यांदा जॅकेट काढून, हात मोकळे, आणि लक्ष समोरच्याच्या बोलण्यावर. आमच्याकडे इंटर्नशिपला आलेल्या मुलीला बसवलं, तिला ह्यातलं काहीच सांगितलं नव्हतं. शंभरपैकी भीती किती विचारलं तर पहिल्याला ८०, दुसऱ्याला ५५. त्यालाच पटेना, "उलटं व्हायला पाहिजे ना मॅडम?"

व्हिडिओ लगेच लावायचा नसतो. आधी डोळे मिटून सांगायचं की आता स्क्रीनवर काय दिसणार. तो म्हणाला, कपाळावरून धारा, शर्ट चिंब, चेहरा लालबुंद. मग मी सांगितलं की आता तू स्वतःला बघत नाहीयेस, टीव्हीवर कुणी परका माणूस आहे असं समज, त्या वेळी आत काय वाटत होतं ते बाजूला ठेव आणि डोळ्यांना दिसेल तेवढंच बोल. हे सांगावंच लागतं, नाहीतर माणूस व्हिडिओ बघताना परत तीच भीती आठवतो आणि तीच बघतो.

दुसऱ्या व्हिडिओत काखेत जेमतेम एक ओला डाग, कपाळ थोडं चमकत होतं, बस. तो डागापेक्षा पहिल्याच व्हिडिओकडे जास्त वेळ बघत राहिला, त्यात एक माणूस आखडून बसलाय, सारखा रुमाल फिरवतोय आणि समोरची पोरगी बिचारी एकटीच बोलतेय. "हा शिष्ट वाटतोय," तो स्वतःहून म्हणाला. इंटर्नला विचारलं तर ती म्हणाली, घामबिम काही लक्षात नाही आला, पण पहिल्यांदा वाटलं ह्यांना माझ्याशी बोलायचंच नाहीये. म्हणजे लोकांनी वाईट म्हणू नये म्हणून जे करत होता त्यानेच त्याचं इंप्रेशन खराब होत होतं, शिवाय मे महिन्यात जॅकेट घातल्यावर घाम वाढणार नाही तर काय होणार.

पण मुलगा क्वालिटीचा, एका सॅम्पलवर लॉट पास करणारा नाही. म्हणाला, ती मुलगी चांगली होती आणि घाम कमी होता, खरंच भरपूर आला तर? प्रश्न बरोबर होता. मग आम्ही घाम तयार केला. बाटलीतलं पाणी मी आधी माझ्या कुर्त्याच्या काखेत आणि कपाळावर लावलं आणि खालच्या स्टेशनरीच्या दुकानात गेले, तो दारातून दुकानदाराचा चेहरा बघत होता. दुकानदार एकदा वर बघून म्हणाला "ऊन फार आहे आज" आणि पेन काढून दिलं. मग ह्याची पाळी, चांगला ओलागच्च शर्ट. त्याने आधी अंदाज कागदावर लिहिला, लोक टक लावून बघतील, कुणीतरी हसेल. झालं असं की एका बाईंनी खरोखर बघितलं, दोन सेकंद, आणि परत लॅमिनेशनचा रेट विचारायला लागल्या. तो वर आल्यावर म्हणाला, "बघितलं त्यांनी." मी म्हटलं, हो बघितलं, मग पुढे काय झालं? ह्या पुढे काय झालंपर्यंत तो आजवर कधी थांबलाच नव्हता, त्याच्या आधीच तिथून सटकायचा.

त्या दिवसाने तो बरा झाला असं नाही. ही ट्रीटमेंट साधारण तीन-चार महिने आठवड्याला एक सेशन अशी चालते, काहींना सोबत सायकियाट्रिस्टकडून गोळ्याही लागतात, ह्याला लागल्या नाहीत. जॅकेट लवकर सुटलं, रुमाल मात्र सुटेना, आणि जॅकेट गेल्यावर गुपचूप गडद निळे शर्ट घ्यायला लागला. हे हमखास होतं, एक सोडलं की दुसरं आत शिरतं, म्हणून दर वेळी विचारावं लागतं की आज सोबत काय आणलंयस. रात्रीचं पोस्टमॉर्टेम तर सगळ्यात शेवटी कमी झालं. प्रमोशन तोवर दुसऱ्याला मिळालं होतं, पण तो माणूस रजेवर असला की आकडे आता हाच वाचतो, हल्ली पांढऱ्या शर्टात.