गप्पांतून इतिवृत्त लिहिताना

«आमच्या बैठका आता व्हॉट्सॲपच्या गटावरच होतात. त्या वेळी जे हजर नसतात त्यांच्यासाठी इतिवृत्त लिहायचं, तर त्या गप्पांमधलं काय ठेवायचं, काय गाळायचं? आणि निर्णय झाला की नुसतीच चर्चा झाली, हे कसं ओळखायचं?»

मी एका दिवाळी अंकाच्या संपादन मंडळात काम करते आणि आमच्या बैठकांची इतिवृत्ते बहुतेक वेळा मीच लिहिते, म्हणून उदाहरण तिथलेच घेते. नावे बदलली आहेत. आम्ही सात जण वेगवेगळ्या गावी राहतो. रविवारी रात्री नऊच्या सुमारास गटावर जमतो, तासाभरात दोनअडीचशे संदेश होतात, आणि त्यांत कागदाच्या भावापासून कोणाच्या तरी घरच्या पूजेपर्यंत सगळे असते. या बैठकीला चित्रकार संजय नव्हता आणि अंकाचे वितरण पाहणारे देशमुखकाकाही नव्हते. इतिवृत्त प्रथम त्या दोघांसाठी असते. आपल्या गैरहजेरीत काय ठरले, आपल्याकडून काय अपेक्षित आहे आणि जे ठरले ते कोणत्या कारणाने ठरले, एवढे त्यांना मूळ संदेश न वाचता कळले पाहिजे.

लिहायला बसण्यापूर्वी सगळे संदेश शेवटपर्यंत वाचावेत. गप्पांमध्ये नऊ वाजून दहा मिनिटांनी ठरलेली गोष्ट पावणेदहाला मोडीत निघालेली असू शकते, आणि वाचत वाचत लिहीत गेलात तर दोन्ही गोष्टी इतिवृत्तात शिरतात. व्हॉट्सॲपवरून गप्पांची मजकूर-फाइल काढून घेता येते आणि छाटणीसाठी ती सोयीची असते, पण तेवढ्यावर विसंबू नये. कोणता संदेश कोणत्या संदेशाला उत्तर म्हणून लिहिला होता हे त्या फाइलमध्ये दिसत नाही, आणि संदेशाखाली उमटवलेल्या अंगठ्याच्या खुणाही येत नाहीत. आमच्याकडे निम्मी संमती त्या खुणांमधूनच दिली जाते. म्हणून मी फाइल संगणकावर उघडते आणि फोनवरचा गट शेजारी ठेवते. मग संदेश वेळेच्या क्रमातून काढून विषयवार लावते, कारण गटावर तीन विषय एकाच वेळी चाललेले असतात आणि एका विषयावरचे «हो» दुसऱ्या विषयाच्या प्रश्नाखाली येऊन पडलेले असते.

आता प्रत्यक्ष उतारा पाहा. विषय अंकाच्या पृष्ठसंख्येचा होता. छपाई फॉर्माने होते, म्हणजे 16 पृष्ठे एकत्र छापली जातात.

निखिल: मजकूर खूप आलाय, 168 पानं तरी लागतील
माधवराव: 168 म्हणजे साडेदहा फॉर्म. अर्ध्या फॉर्मासाठी वेगळी जुळणी कशाला, 176 करा
सुजाताताई: जाहिराती किती?
रेखाताई: 14 पानं नक्की. चारांचं बोलणं चालू आहे
माधवराव: मग 176 करू या
सुजाताताई: खर्च वाढणार ना पण
माधवराव: प्रेसला विचारायला हवं
निखिल: विचारतो शनिवारपर्यंत
सुजाताताई: चालेल मग

«176 करू या» या संदेशाखाली निखिल आणि रेखाताई यांचा अंगठा होता. वरवर पाहता 176 पृष्ठांचा निर्णय झाला असे वाटते, पण हिशेब सांभाळणाऱ्या सुजाताताईंचे «चालेल मग» कशाला उद्देशून होते? 176 पृष्ठांना, की आधी छापखान्याला विचारून घेण्याला? शब्दांवरून दोन्ही अर्थ निघतात. अशा वेळी आपल्याला पटेल तो अर्थ लिहून मोकळे होऊ नये, कारण इतिवृत्त लिहिणाऱ्याच्या हातून नकळत निर्णय घेतला जाण्याची हीच जागा असते. मी सुजाताताईंना त्याच रात्री विचारले, «तुमची संमती 176 ला आहे, की दर कळल्यावर ठरवायचे आहे?» त्यांनी कळवले की 160 पृष्ठांच्या तुलनेत वाढीव खर्च पंधरा हजारांच्या आत राहिला तर 176 ला हरकत नाही, नाहीतर 160 च ठेवावीत. ही मर्यादा गटावर कोणी मांडलेली नव्हती, म्हणून ती मी गटावर टाकायला लावली आणि बाकीच्यांनी मान्य केल्यावरच लिहिली. खाजगीत मिळालेला खुलासा बैठकीचा निर्णय म्हणून नोंदवता येत नाही.

निर्णय ओळखण्यासाठी मी तीन गोष्टी पाहते. प्रस्ताव एका वाक्यात सांगता येतो का. ज्यांच्या संमतीशिवाय तो अमलात येऊ शकत नाही (आमच्याकडे पैशाच्या बाबतीत सुजाताताई, मजकुराच्या बाबतीत माधवराव) त्यांनी स्पष्ट होकार दिला आहे का. आणि त्यानंतर कोणी घेतलेला आक्षेप उत्तराविना राहिलेला नाही ना. यांपैकी एकही गोष्ट कमी असेल तर मी तो विषय अनिर्णित म्हणून लिहिते. गप्प राहिलेल्या माणसाची संमती गृहीत धरत नाही. गटावर गप्प असलेला माणूस कदाचित त्या वेळी फोन ठेवून जेवायला उठलेला असतो.

वरच्या उताऱ्याचे इतिवृत्त अखेर असे झाले:

निर्णय: अंक 176 पृष्ठांचा (16 पृष्ठांचे 11 फॉर्म) करावा. 160 पृष्ठांच्या तुलनेत छपाई व कागदाचा वाढीव खर्च 15,000 रुपयांपेक्षा अधिक येत असल्यास अंक 160 पृष्ठांचाच ठेवावा.

काम: निखिल यांनी 160 व 176 पृष्ठांची स्वतंत्र दरपत्रके छापखान्याकडून घेऊन शनिवार, 9 ऑगस्टपर्यंत सुजाताताईंना पाठवावीत. ती पाहून पृष्ठसंख्या कोणती ते सुजाताताईंनी रविवार, 10 ऑगस्टपर्यंत सर्वांना कळवावे.

चर्चा: 168 पृष्ठांचा पर्याय विचारात घेतला होता. त्यासाठी अर्धा फॉर्म वेगळा छापावा लागतो, म्हणून तो सोडून दिला. जाहिरातींची 14 पृष्ठे निश्चित असून आणखी 4 पृष्ठांची बोलणी सुरू आहेत.

चर्चेचा भाग एवढा थोडा का, असे कोणी विचारील. गैरहजर सहकाऱ्याच्या मनात निर्णय वाचताच जो प्रश्न उभा राहील, त्याचे उत्तर देण्यापुरती चर्चा ठेवावी, असा माझा निकष आहे. देशमुखकाका अनुभवी आहेत; 176 वाचल्यावर ते «168 मध्ये भागत नव्हते का?» असे विचारणारच. सोडून दिलेला पर्याय आणि तो सोडण्याचे कारण लिहिलेले असले म्हणजे तोच विषय पुन्हा पहिल्यापासून उघडत नाही. उलट कोण आधी बोलले, कोणाचे मत मध्येच बदलले, हे त्यांच्या काही कामाचे नाही. कोणी आपला विरोध नोंदवण्यास सांगितले असेल, तर मात्र तो नावानिशी लिहावा.

रागाने लिहिलेल्या वाक्यांचे काय करायचे, हा याच्याशी जोडलेला प्रश्न आहे. त्या रात्री रेखाताईंनी लिहिले होते, «दरवर्षी हेच होतं. लेखक शेवटच्या आठवड्यात मजकूर देतात आणि प्रुफं आमच्या गळ्यात.» हे वाक्य जसेच्या तसे इतिवृत्तात घालणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे, कारण ते चारचौघांत सहज बोललेले आहे, पण ते पूर्ण गाळणेही योग्य नाही, कारण मजकूर स्वीकारण्याची तारीख अलीकडे आणण्याचा निर्णय त्याच तक्रारीतून झाला. म्हणून चर्चेत मी लिहिले: «मजकूर दरवर्षी उशिरा हाती येत असल्यामुळे मुद्रितशोधनासाठी पुरेसा वेळ मिळत नाही.» तक्रारीतली वस्तुस्थिती राहिली, चीड गेली.

सर्वांत जास्त काळजी कामांच्या यादीत घ्यावी लागते. गप्पांमध्ये कामे «करू या», «बघायला हवं», «कोणीतरी विचारा» अशा रूपांत येतात, आणि आपल्या कार्यालयीन मराठीची सवय अशी की तीच कामे «चौकशी करण्यात यावी», «पाठपुरावा व्हावा» अशी नीटनेटकी होऊन उतरतात. अशा वाक्यात कर्ता नसतो, आणि वाचणारा प्रत्येक जण ते काम दुसऱ्याचे आहे असे समजतो. म्हणून प्रत्येक कामाच्या वाक्याची सुरुवात मी नावाने करते, आणि नाव एकच ठेवते. «निखिल व रेखाताई यांनी» असे लिहिले की दोघे एकमेकांची वाट पाहतात. मदत दोघांची असली तरी जबाबदार म्हणून एकाचेच नाव लिहावे. ज्या कामाला गप्पांमध्ये नाव मिळालेच नाही, त्याला मी मनाने नाव देत नाही. मसुद्यात त्या जागी «जबाबदारी ठरलेली नाही» असे लिहून गटाला विचारते. «शनिवारपर्यंत», «उद्या», «पुढच्या आठवड्यात» हे शब्दही तसेच ठेवून चालत नाही, कारण इतिवृत्त वाचणारा ते तीन दिवसांनी वाचतो; तिथे दिनांक हवा.

गैरहजर माणसाच्या नावावर टाकलेले काम ही यातली नाजूक बाब आहे. गटावर माधवरावांनी «मुखपृष्ठ संजय 20 तारखेपर्यंत देईल» असे लिहिले आणि सर्वांनी अंगठे दाखवले. संजय तिथे नव्हता. हे काम त्याच्या नावावर लिहिले असते, तर ज्या मुदतीला त्याने होकारच दिला नाही ती चुकवल्याचा ठपका पुढे त्याच्यावर आला असता. म्हणून काम माधवरावांच्या नावावर गेले: «माधवराव यांनी संजय यांच्याशी बोलून मुखपृष्ठ 20 ऑगस्टपर्यंत मिळू शकेल का, याची 6 ऑगस्टपर्यंत खात्री करावी.» त्याखाली संजयसाठी एक ओळ मुद्दाम घातली, की पृष्ठसंख्या 10 ऑगस्टला निश्चित होईल. 160 ऐवजी 176 पृष्ठे झाली तर दोन्ही बाजूंनी छापलेली कागदाची आठ पाने वाढतात. कण्याची जाडी जेमतेम मिलिमीटरभर बदलते, पण कण्यावर अंकाचे नाव बसवणाऱ्याला ती माहीत असावी लागते. हे गटावर कोणी बोलले नव्हते. म्हणून ती ओळ मी «लेखनिकाची टीप» अशा वेगळ्या शीर्षकाखाली लिहिली, बैठकीच्या नोंदीत मिसळली नाही.

मांडणी साधी असते: दिनांक, हजर व गैरहजर यांची नावे, मग निर्णय, मग कामे, मग विषयवार चर्चा आणि शेवटी अनिर्णित विषय. ई-अंकाबद्दल त्या रात्री बरेच बोलणे झाले आणि शेवटी «बघू» वर थांबले, तेव्हा अनिर्णित विषयांत तो गेला आणि पुढच्या बैठकीत तो कोण मांडणार हे विचारून निखिलचे नाव त्यापुढे लिहिले. नोंदणीकृत संस्थांच्या सभांना त्यांचे पोटनियम लागू असतात, तिथे इतिवृत्ताचा नमुना आणि सह्या त्याप्रमाणे ठेवाव्या लागतील.

मसुदा मी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आधी हजर असलेल्यांना पाठवते आणि दुरुस्तीसाठी संध्याकाळपर्यंतची वेळ देते. त्यानंतर तो गैरहजर असलेल्यांना जातो. दुरुस्ती म्हणजे काय हे मात्र सांभाळावे लागते. «मी असे म्हटले नव्हते» ही दुरुस्ती आहे, ती लगेच करावी. «आता विचार केल्यावर मला 160 च बरे वाटते» हे नवे मत आहे. ते जुन्या बैठकीच्या इतिवृत्तात घालता येत नाही, पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावे लागते. देशमुखकाकांनी इतिवृत्त वाचून कळवले की अंकाचे वजन वाढले तर टपालखर्चही वाढेल आणि तो पंधरा हजारांत धरलेला दिसत नाही. मुद्दा अगदी योग्य होता. इतिवृत्त मी तसेच ठेवले, त्यांचे पत्र त्यांच्या नावानिशी सर्वांना पाठवले, आणि वजन वाढल्यावर टपालखर्च किती होईल हे काढण्याचे काम त्यांनी स्वतःच 10 ऑगस्टपूर्वी करायचे मान्य केले.