वक्र गेट आणि तिथे नसलेलं पाणी

"सर, पाणी अडवणाऱ्या या वक्र गेटच्या वर तर पाणी नाहीच, मग उभा फोर्स काढताना कुठल्या पाण्याचं वजन घ्यायचं, आणि तो वर दाखवायचा की खाली?"

तिथे पाणी असतं तर जेवढं मावलं असतं तेवढ्याचं वजन घ्यायचं, आणि फोर्स वर दाखवायचा. फोंड्याला संध्याकाळी डिप्लोमाची मुलं शिकायला येतात, त्यांच्यातलं दर वर्षी कोणीतरी हे विचारतंच, आणि विचारायलाच हवं, कारण पुस्तकात नुसती आकृती असते आणि बाण वर काढलेला असतो, का ते नीट कळत नाही.

आपल्या खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतातल्या, पाणी अडवणाऱ्या मानशीचं दार आठवा. ती सपाट, उभी फळी, त्यामुळे पाणी तिला फक्त आडवं ढकलतं. आता दार सपाट न ठेवता वर्तुळाच्या पाव भागासारखं वळवलं, फुगीर बाजू पाण्याकडे केली, तर पाणी प्रत्येक ठिकाणी पत्र्याला काटकोनात दाबतं, म्हणजे वरच्या टोकाला दाब जवळपास आडवा आणि खाली जाऊ तसतसा तो वर वळत जातो. विहिरीत रिकामी कळशी तोंड वर धरून दाबून बघा, हाताला वर रेटा लागतो. कळशीत पाणी नाही तरीही लागतो, कारण पाणी तिच्या बुडाखाली आहे. गेटचंही तेच. पाणी वक्र पत्र्याच्या खाली असेल तर फोर्स वर, पत्र्यावर बसलं असेल तर खाली, आणि दोन्हीकडे आकडा एकच, पत्र्यापासून पाण्याच्या पातळीपर्यंतच्या जागेत मावेल तेवढ्या पाण्याचं वजन.

एक उदाहरण पूर्ण करू. त्रिज्या २ मीटर, गेटची रुंदी ३ मीटर, वर्तुळाचा मध्य बरोबर पाण्याच्या पातळीवर, गेटच्या कोरड्या बाजूला. गेटचं वरचं टोक पातळीला, खालचं टोक मध्याच्या सरळ खाली.

आडव्या फोर्ससाठी वक्रता विसरा आणि गेटची उभी सावली घ्या, २ मीटर उंच, ३ मीटर रुंद आयत. सरासरी खोली १ मीटर, म्हणून ९.८१ × १ × ६ = ५८.८६ किलोन्यूटन. तो पातळीपासून उंचीच्या २/३ एवढा खाली, म्हणजे १.३३ मीटरवर लागतो, अगदी सपाट फळीसारखाच.

उभा फोर्स म्हणजे पाव वर्तुळातल्या त्या नसलेल्या पाण्याचं वजन. घनफळ ३.१४१६ × ४ / ४ × ३ = ९.४२ घनमीटर, वजन ९२.४६ किलोन्यूटन, वरच्या दिशेने. आडव्यापेक्षा जास्त निघालं की मुलं दचकतात, पण ते बरोबर आहे. आणि तो जातो पाव वर्तुळाच्या सेंट्रॉइडमधून, मध्यापासून आडवं मोजलं तर 4R/3π म्हणजे ०.८४९ मीटरवर. इथे सगळ्यात जास्त चुका होतात, घाईत R/2 म्हणजे १ मीटर लिहून टाकतात.

चूक पकडायची तपासणी मला फार आवडते. वर्तुळावर काटकोनात असलेली प्रत्येक रेघ मध्यातूनच जाते, म्हणून सगळ्या दाबांची बेरीजही मध्यातूनच जायला हवी, आणि मध्याभोवती मोमेंट शून्य यायला हवा. आडव्याचा ५८.८६ × १.३३३ = ७८.४८, उभ्याचा ९२.४६ × ०.८४९, तोही ७८.४८ (दशांश पूर्ण धरले तर), आणि दिशा उलट. १ मीटर धरला असता तर जवळपास १४ किलोन्यूटन-मीटर उरले असते, तेवढ्यावरून कळतं काहीतरी चुकलंय. एकूण फोर्स १०९.६ किलोन्यूटन, आडव्याशी साधारण ५७.५ अंशांवर वर, आणि रेघ सरळ मध्याकडे. पत्रा पॅराबोलासारखा असेल तर ही तपासणी चालत नाही, तिथे प्रत्येक घटक वेगळा काढूनच रेघ ठरवावी लागते.

म्हणूनच धरणावरच्या रेडियल गेटची बिजागरी, ट्रनियन, बरोबर त्या मध्यावर बसवतात. पाण्याचा सगळा जोर आधाराच्या दांड्यांतून बिजागरीच्या पिनवर जातो, गेट उचलणाऱ्या यंत्राला मुख्यतः गेटचं वजन आणि सीलचं व पिनचं घर्षण तेवढंच ओढावं लागतं. पण पिनला जाडी असते, आणि घर्षण तिच्या पृष्ठभागावर लागतं. पिनची त्रिज्या ०.१ मीटर, घर्षणांक ०.२ धरला तर आपल्या गेटवर १०९.६ × ०.२ × ०.१ म्हणजे साधारण २.२ किलोन्यूटन-मीटर मोमेंट येतो, आणि तो दांड्यांना वाकवतो. आकृतीत तो दिसत नाही. कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम धरणाचं एक रेडियल गेट १७ जुलै १९९५ ला उघडताना मोडलं ते याच कारणाने, पिनला गंज चढून घर्षण वाढलं होतं आणि डिझाइनमध्ये दांड्यांवर तो वाकवणारा भार धरलेलाच नव्हता.