१३ तारखेचा फोन

फोंड्यातल्या एका छोट्या इंटिरियर डिझाइनच्या ऑफिसात मी चौकशांची नोंद बसवून दिली, त्याला आता काही महिने झाले. नोंद नीट चालते आहे. तरी तिथल्या एका ओळीचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते आहे.

मी फोंडा, डिचोली आणि म्हापशाच्या लहान धंद्यांचे हिशेब आणि जीएसटी बघते. या ऑफिसात माणसं तीनच: डिझायनर ताई, साइटवरचा सुपरवायझर आणि टेबलावर बसणारी मुलगी. आठवड्याला आठ-दहा चौकशा येतात आणि त्या तीन वाटांनी येतात. कोणी ताईंच्या खासगी व्हॉट्सअ‍ॅपवर फ्लॅटचा नकाशा टाकतं, कोणी शेजारच्या साइटवर सुपरवायझरला गाठतं, कोणी थेट ऑफिसात येऊन बसतं. ताईंच्या चौकशा फोनमध्ये राहायच्या, सुपरवायझरच्या डायरीत, मुलीच्या टेबलावरच्या चिठ्ठ्यांत.

मला बोलावण्याचं कारण घडलं कुवेतच्या एका गिऱ्हाइकामुळे. त्याने तिकडून ताईंना मेसेज केला आणि ताईंनी स्वयंपाकघराचा अंदाज पाठवला. त्याच माणसाने पंधरा दिवसांनी सुट्टीवर आल्यावर सुपरवायझरला फोन केला. सुपरवायझरने स्वतः मापं घेऊन दुसरा अंदाज दिला, चाळीस हजारांनी कमी. ताईंनी ओल्याला टिकणारा बीडब्ल्यूपी प्लाय धरला होता, सुपरवायझरने साधा. गिऱ्हाइकाने दोन्ही कागद टेबलावर ठेवून विचारलं, ‘यातला खरा कुठला?’ ताई म्हणाल्या, त्या दिवशी मला खुर्चीतून उठून जावंसं वाटलं.

विकत मिळणारी सॉफ्टवेअरं मी बघितली होती. ती दर माणशी, दर महिना पैसे घेतात आणि उघडल्यावर तीस रकाने दाखवतात. तीन माणसांच्या ऑफिसात असे रकाने दुसऱ्या आठवड्यापासून रिकामे राहतात, हे मी दोन ठिकाणी बघितलं आहे. विकणारे प्रात्यक्षिक छान दाखवतात, पण साइटवर धुळीने भरलेल्या हाताने नोंद कोण करणार, हे विचारायला थांबत नाहीत. म्हणून मी गूगल शीट घेतली. रकाने नऊच: आलेली तारीख, नाव, फोन, फोनचे शेवटचे आकडे, घर, काय हवं, स्थिती, कारण आणि पुढच्या फोनची तारीख. एक घर म्हणजे एक ओळ. काम मिळो किंवा हातचं जावो, स्थिती ‘बंद’ करायची आणि कारणाच्या रकान्यात यादीतलं एक कारण निवडायचं.

एकच माणूस दोनदा आला हे ओळखायचं तर फोन नंबरवर विसंबावं लागतं, कारण नावं तिघे तीन तऱ्हांनी लिहितात. पण नंबरही तसाच लिहिला जातो. कोणी +91 लावतं, कोणी मध्ये जागा सोडतं, कोणी सुरुवातीला शून्य जोडतं. शीटमध्ये +91 लिहून मध्ये जागा सोडली तर शीटला ते सूत्र वाटतं आणि #ERROR! येतं, म्हणून तो रकाना आधी Plain text करून घेतला. मग शेजारच्या रकान्यात हे घातलं:

```
=RIGHT(REGEXREPLACE(TO_TEXT(C2),"[^0-9]",""),8)
```

आकड्यांखेरीज सगळं काढून टाकायचं आणि शेवटचे आठ आकडे ठेवायचे. भारतातले लोक सहसा शेवटचे दहा घेतात. पण गोव्यातल्या धंद्याला अर्धं गिऱ्हाईक आखातातलं. कुवेत, कतार, ओमानचे नंबर देशाच्या कोडशिवाय आठच आकड्यांचे असतात. दहा घेतले तर कोडसह लिहिलेला आणि कोडशिवाय लिहिलेला नंबर वेगळे दिसतात, आठ घेतले तर जुळतात. ते आठ आकडे दुसऱ्या ओळीत सापडले की ओळ पिवळी होते. नवरा-बायकोने आपापल्या नंबरवरून विचारलं तर मात्र हे सूत्र काही करू शकत नाही. त्यासाठी ‘घर’ हा रकाना आहे. त्यात वाडा किंवा सोसायटीचं नाव लिहायचं आणि नवीन ओळ घालण्याआधी ते शोधून बघायचं. ते काम माणसाचंच.

खरा जीव होता शेवटच्या रकान्यात. चौकशी हातची जाते ती बहुतेक वेळा दर जास्त म्हणून नाही, तर ‘बुधवारी सांगतो’ म्हटल्यावर बुधवारी कोणी सांगत नाही म्हणून. त्यामुळे उघड्या ओळीला पुढची तारीख हवीच, असा नियम केला, आणि ‘आजचे फोन’ नावाच्या वेगळ्या पानावर हे सूत्र घातलं:

```
=SORT(FILTER(Enquiry!A2:I, Enquiry!I2:I<>"", Enquiry!I2:I<=TODAY(), Enquiry!G2:G<>"बंद"), 9, TRUE)
```

सकाळी ऑफिस उघडलं की मुलीने हे पान बघायचं. आज किंवा आजच्या आधी ज्यांना फोन करायचा होता, ते सगळे तिथे येतात, सर्वांत जुना वर. २८ जुलै २०२५ ला मी हे सुरू केलं. पाच-सहा ओळी घालून, तारखा टाकून तपासलं, यादी बरोबर आली. त्या तारखा मी Ctrl + ; दाबून घातल्या होत्या. ती कळ आजची तारीख आपोआप टाकते. हा तपशील नंतर महत्त्वाचा ठरला.

चवथ त्या वर्षी २७ ऑगस्टला होती. ऑगस्ट म्हणजे गोव्यात प्रत्येक घराला चवथीआधी काहीतरी करून हवं असतं, त्यामुळे ऑफिसात श्वास घ्यायला सवड नव्हती. ५ ऑगस्टच्या सुमारास मुलीचा फोन आला: ‘ताई, ज्यांना उद्या-परवा फोन करायचाय ते आजच यादीत दिसतात.’ मी म्हटलं, मागचे राहिलेले असतील, करून टाक. मी दुसऱ्या कुणाचं तरी रिटर्न भरत होते. शीट उघडून बघितली नाही.

डिचोलीकडचे एक गृहस्थ बोटीवर काम करतात. सुट्टी संपत आली होती, १६ ऑगस्टला मोपा विमानतळावरून जाणार होते. आई एकटी राहते, जुन्या चिऱ्याच्या घरात स्वयंपाकघर नवं करायचं होतं. ताई स्वतः बघून आल्या. चिऱ्याची भिंत सरळ नसते, म्हणून रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीनदा मोजली. दोन टोकांत पाऊण इंचाचा फरक निघाला. ओट्याची उंची आईंच्या कोपराच्या हिशेबाने धरली, कारण त्यांचे खांदे दुखतात. ताई म्हणाल्या, १३ तारखेला अंदाज घेऊन फोन करते, तुम्ही जाण्याआधी आगाऊ रक्कम आणि सही करून घेऊ. मुलीने नोंद केली: 13/08/2025.

१३ ला यादीत ते नाव आलं नाही. १४ ला नाही, १५ लाही नाही. अंदाज टाइप होऊन ताईंच्या लॅपटॉपवर तयार होता. ताईंना वाटलं मुलगी फोन करेल. मुलीला वाटलं यादीत नाही म्हणजे ताई बोलल्या असतील. १९ ला त्यांचा बोटीवरून मेसेज आला: ‘तुमी फोन करतलीं म्हूण सांगिल्लें, केलो ना.’ दुसरं काही नव्हतं.

ताईंनी मला बोलावलं. मी शीट उघडली आणि शेवटच्या रकान्याकडे बघताच कळलं. काही तारखा खान्यात उजवीकडे टेकल्या होत्या, काही डावीकडे. शीटला जी तारीख वाटते ती आतून आकडा असते आणि उजवीकडे सरकते. जी समजत नाही ती नुसता मजकूर म्हणून डावीकडे राहते. File मध्ये जाऊन Settings उघडलं तर Locale होतं United States. त्या ऑफिसचं गूगल खातं अमेरिकी इंग्रजीत होतं, शीटने तेच घेतलं, आणि मी ते तपासलं नव्हतं.

अमेरिकेत महिना आधी लिहितात. तेरावा महिना नसतो, म्हणून 13/08/2025 ही तारीखच झाली नाही, मजकूर राहिला. शीट मजकुराला कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा धरते, म्हणून तो ‘आजपर्यंत’च्या अटीत कधीच बसत नाही. ती ओळ वर्षभर थांबली असती तरी यादीत आली नसती. १२ तारखेपर्यंतच्या तारखांचं उलट झालं: 12/08 म्हणजे ८ डिसेंबर, 07/08 म्हणजे ८ जुलै. ८ जुलै उलटून गेलेली, म्हणून ७ ऑगस्टचा माणूस लिहिला त्याच दिवशी यादीत आला. मुलीने ५ तारखेला मला हेच सांगितलं होतं. तिने दुखणं बरोबर दाखवलं होतं, मी ऐकलं नाही. ताई तिला रागावल्या तेव्हा मी मध्ये पडले आणि सांगितलं की ही चूक माझी आहे.

Locale बदलून India केलं तरी आधी लिहिलेलं सुधारत नाही. मजकूर मजकूरच राहतो, आणि चुकीची समजलेली तारीख चुकीचीच राहते, फक्त दिसते वेगळी. त्यामुळे दोन्ही तारखांचे रकाने हाताने पुन्हा भरावे लागले. सुपरवायझरची डायरी आणि व्हॉट्सअ‍ॅप समोर ठेवून आम्ही दोघींनी ४३ ओळी तपासल्या. त्यांतले ११ जण यादीतून गायब होते. नऊ जणांना त्याच संध्याकाळी फोन केले. मग तारीख दिसताना महिना अक्षरांत दिसेल असं केलं, 13-Aug असं, म्हणजे उलटापालट झाली तर लिहिणाऱ्याला लगेच कळतं. Data validation मध्ये Is valid date लावून बाकी काही लिहूच देऊ नये असं केलं. पण 07/08 सारखी उलटी तारीख त्यातूनही जाते, तिला Locale आणि अक्षरांतला महिना हाच उपाय. आणि ‘आजचे फोन’च्या शेजारी आणखी एक पान केलं:

```
=FILTER(Enquiry!A2:I, Enquiry!A2:A<>"", Enquiry!G2:G<>"बंद", ISNUMBER(Enquiry!I2:I)=FALSE)
```

उघडी आहे पण पुढची तारीख नाही किंवा तारीख धड नाही, अशी प्रत्येक ओळ इथे येते. सगळं ठीक असेल तर इथे #N/A दिसतं. मुलीला सांगितलं, या पानावर ती चूक दिसायलाच हवी, ती दिसली नाही तर आधी मला फोन कर, मी काहीही करत असले तरी.

चवथ झाल्यावर ताई आणि मी डिचोलीला त्या आईंना भेटायला गेलो. स्वयंपाकघराचं काम मुलाने जाता जाता वाड्यातल्या सुताराला दिलं होतं. ओटा तयार झाला होता, नेहमीच्या उंचीचा. आई चहा करताना खांदा उचलून भांडं उतरवत होत्या. ताई ते बघत गप्प बसून राहिल्या. मी आईंना तारखेचं सगळं सांगायला गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘पंधरा तारखेला रात्री जेवतानासुद्धा त्याने फोन ताटाशेजारी ठेवला होता, बाय.’

ऑफिसात परत आल्यावर मुलीने ती ओळ बंद करायला घेतली. कारणाच्या यादीत चारच पर्याय मी ठेवले होते: काम मिळालं, बजेट बसलं नाही, दुसरीकडे दिलं, काम रद्द केलं. ती ‘दुसरीकडे दिलं’ निवडत होती. मी तिला थांबवलं आणि यादीत पाचवा पर्याय घातला: ‘आम्ही फोन केला नाही’.