खटका हलतोय की कार्ट्रिज?

जूनचा दुसरा आठवडा होता. खानापुरात पाऊस नुसता कोसळत होता. सकाळी साडेनऊला स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्या अक्कांचा फोन आला. "दादा, काळी कार्ट्रिज निघंना झालीय ओ. खटका दाबून दाबून अंगठा दुखायला लागला. लवकर या की, लोकं थांबल्यात."

मी पोहोचलो तेव्हा दुकानात सहा-सात माणसं होती. शाळाप्रवेशाचे अर्ज घेऊन आलेल्या बायका आणि कोपऱ्यात पहाणीचा उतारा काढायला आलेले एक आजोबा. मोठं झेरॉक्स मशीन चालू होतं, पण कॉम्प्युटरवरची प्रिंट त्या छोट्या इंकजेट प्रिंटरवरच निघायची, आणि तोच अडला होता.

झाकण उघडलं. कार्ट्रिज धरून डावी-उजवीकडे सरकणारी कॅरेज मध्यभागी येऊन थांबली. ती तशी आली की मगच मी भिंतीवरचा प्लग काढतो. आधीच काढला तर कॅरेज उजव्या कोपऱ्यात अडकलेली असते, हाताने सरकत नाही आणि ओढायला गेलं की काहीतरी तुटतं. टॉर्च मारला तेव्हा काळ्या कार्ट्रिजच्या खटक्यावर पांढरा ओरखडा दिसला. कोपऱ्याचा एक टवकाही उडाला होता.

"स्क्रू ड्रायव्हर घातला होता का कुणी?"

"भाच्यानं," अक्का हळूच म्हणाल्या. "मी नको म्हणत होते ओ."

त्या मुलावर मला राग आला नाही. रांग लागली की कुणाचाही हात तिकडेच जातो. पण खटका हा कॅरेजचाच भाग असतो. तो मोडला तर पूर्ण कॅरेज बदलावी लागते, आणि असल्या छोट्या प्रिंटरला तो खर्च परवडत नाही. म्हणून मी आधी हत्यार काढलं नाही. शेजारची रंगीत कार्ट्रिज काढून बघितली. तिचा खटका अंगठ्याने खाली दाबला, टक आवाज आला आणि कार्ट्रिज अलगद पुढे आली.

मला हीच तुलना हवी होती. ह्या मॉडेलमध्ये खटका दाबला की त्याचं नाक कार्ट्रिजच्या पुढच्या कडेवरून बाजूला होतं. मागे तांब्याच्या रंगाची जी स्प्रिंगसारखी टोकं असतात, ती कार्ट्रिजला थोडी पुढे ढकलतात. म्हणजे "निघत नाही" ह्या एका तक्रारीच्या मागे दोन वेगळे बिघाड असू शकतात. खटका पूर्ण खाली येतो पण कार्ट्रिज जागची हलत नाही, तर ती तळाशी वाळलेल्या शाईने चिकटलेली असते. खटकाच खाली येत नसेल, तर अडकलंय ते त्याच्या नाकापाशी किंवा बिजागरीपाशी. कार्ट्रिज कितीही ओढली तरी ह्या दुसऱ्या प्रकारात काही उपयोग नाही. उलट जेवढं ओढाल तेवढी ती नाकावर जास्त रुतते.

इथे खटका अर्धा खाली यायचा आणि थांबायचा. बिजागरीभोवती काळी शाई गुळाच्या पाकासारखी वाळली होती. मला वाटलं, हेच कारण. कोमट डिस्टिल्ड पाणी सिरिंजमध्ये घेऊन बिजागरीवर चार-पाच थेंब सोडले, खाली टिश्यू पेपर घातला आणि वीस मिनिटं थांबलो. अक्कांनी चहा मागवला. तेवढ्या वेळात टिश्यू काळाकुट्ट झाला, म्हणजे शाई सुटत होती. खटका दाबला. आधीपेक्षा मऊ हलला, पण थांबला तिथेच.

माझा अंदाज चुकला होता. शाईने धरलं असतं तर पाण्यानंतर तो थोडा तरी जास्त खाली आला असता. नेमक्या एकाच जागी अडतोय म्हणजे मध्ये काहीतरी वस्तू आहे. रंगीत कार्ट्रिजची जागा रिकामीच होती, तिथून मोबाईल तिरका आत घालून फोटो काढला आणि मोठा करून बघितला. खटक्याच्या नाकाखाली एक चमकणारी घडी दिसली.

"अक्का, ही रिफिल केलेली हाय काय?"

"चारदा भरून आणली."

मग सगळं उलगडलं. भरताना वरचं लेबल काढलं होतं आणि भोकं बुजवायला चिकटपट्टी लावली होती. ती वरून पुढच्या कडेवर दुमडून खाली आणलेली. कार्ट्रिज आत सरकवताना पट्टीची कड नाकाला घासली, गोळा झाली आणि चार-पाच पदर होऊन फटीत बसली. जाडी असेल पोस्टकार्डाएवढी. पण नाक सुटायला जी जागा लागते तीच तिने खाल्ली होती. वर शाई आणि पट्टीचा डिंक एकत्र वाळून घट्ट झाला होता. पाण्याने शाई विरघळते, हा डिंक नाही विरघळत.

कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतलं आणि फक्त त्या घडीला लावलं. ओतलं नाही, कारण कॅरेजच्या मागे एन्कोडरची पारदर्शक पट्टी असते. तिच्यावरच्या बारीक रेषा वाचूनच कॅरेजला आपण कुठे आहोत ते कळतं. अल्कोहोलने त्या पुसल्या गेल्या तर प्रिंटर कायमचा भरकटतो. तिच्यापुढे आधी कागद उभा केला.

पाच मिनिटांनी प्लास्टिकच्या फाईलचं कव्हर कापून बोटाच्या रुंदीची पट्टी केली. नाक आणि घडी ह्यांच्यामध्ये वरून हळूहळू सरकवली. धातूची असती तर कार्ट्रिजची कड खरवडली असती. प्लास्टिक वाकतं, पण वाट काढतं. मग डाव्या हाताच्या बोटांनी कॅरेजला खालून आधार दिला आणि त्याच हाताच्या अंगठ्याने कार्ट्रिज मागे ढकलली. ओढायची वस्तू आधी ढकलायची, हे अक्कांना विचित्र वाटलं. पण मागची टोकं तिला सतत नाकावर रेटत असतात. तो रेटा काढला की नाक मोकळं होतं. उजव्या हाताने खटका दाबला.

टक.

कार्ट्रिज जशी आत गेली होती त्याच तिरक्या रेषेत माझ्याकडे ओढली. तळातून एक टपोरा काळा थेंब टिश्यूवर पडला. चिकटपट्टीचा गोळा चिमट्याने काढून अक्कांच्या तळहातावर ठेवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. "एवढंच?"

पुढचं काम सफाईचं. तांब्याची टोकं डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने टिपली. रिकाम्या जागेत खटका दहा वेळा दाबून सोडला. दहाही वेळा तो पूर्ण खाली जाऊन वर आला. टवका उडाल्यामुळे नाक आता एका बाजूने थोडं आखूड होतं, तरी धरून ठेवण्याइतकं शिल्लक होतं. अक्कांना ते दाखवलं आणि स्पष्ट सांगितलं, आणखी एकदा तिथे लोखंड लागलं तर मी काही करू शकणार नाही. जुनी कार्ट्रिज परत घालू दिली नाही. भरलेलीच वापरायची तर चिकटपट्टी फक्त वरच्या सपाट भागावर, कडेच्या आत संपलेली हवी.

अल्कोहोल पूर्ण उडून जायला अर्धा तास दिला. मग नवी कार्ट्रिज बसवली, प्लग लावला. कॅरेज दोन्ही टोकांना जाऊन आली. एन्कोडरच्या पट्टीवर शाई उडाली असती तर कॅरेज कडेला धडकली असती, पण गुपचूप परतली. पहिल्या नोझल चाचणीत दोन रेषा तुटक आल्या, एकदा क्लीनिंग केल्यावर सलग झाल्या.

दुपारचा एक वाजून गेला होता. बायका अर्ज उद्यावर टाकून घरी गेल्या होत्या. आजोबा मात्र बाकावर बसूनच होते. पहिला कागद त्यांच्या उताऱ्याचा निघाला. त्यांनी तो खिडकीपाशी धरून आपला सर्व्हे नंबर वाचला, दोनदा घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला आणि पावसात बाहेर पडले.